कागद मिळाला, भिंती उभ्या राहिल्या, पण कर्ज का नाही मिळालं?

अनवट

जमिनीची मालकी स्पष्ट असली की माणूस तिच्यात पैसा घालतो आणि तीच तारण ठेवून कर्जही काढतो, असं एका दमात सांगितलं जातं. पण या दोन गोष्टी खरंच जोडीने येतात का? अर्जेंटिनातल्या एका वस्तीवरचा अभ्यास वाचला आणि त्यात या जोडीतली एकच सापडली, म्हणून हा धागा.

१९८१ साली ब्युनोस आयर्सच्या दक्षिणेला, किल्मेस भागातल्या सान फ्रान्सिस्को सोलानो इथे साधारण १८०० कुटुंबांनी एका मोकळ्या माळावर वस्ती केली. तेव्हा तिथे लष्करी राजवट होती. चर्चच्या मंडळींनी लोकांना संघटित केलं होतं आणि प्लॉटही बऱ्यापैकी शिस्तीत पाडले होते. जागा सरकारी आहे अशी सगळ्यांची समजूत. नंतर कळलं की ती खाजगी आहे आणि तिचे एकूण १३ तुकडे वेगवेगळ्या मालकांचे आहेत. लोकशाही परत आल्यावर १९८४ मध्ये प्रांताने कायदा केला, की मालकांना भरपाई देऊन जागा ताब्यात घ्यायची आणि राहणाऱ्यांच्या नावावर करून द्यायची. आठ मालकांनी भरपाई घेतली. पाच जणांना रक्कम पटली नाही, ते कोर्टात गेले. त्या आठ तुकड्यांवरच्या लोकांना १९८९ पासून मालकीचे कागद मिळाले. पाचांपैकी एक खटला १९९८ ला मिटला, बाकीचे पाहणीच्या वेळीही चालूच होते.

गंमत अशी की आपण कुणाच्या तुकड्यावर झोपडी टाकतोय हे १९८१ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी शेजारी राहणारी, एकाच दिवशी आलेली, सारख्याच परिस्थितीतली माणसं. एकाला कागद मिळाला आणि दुसऱ्याला नाही, तो केवळ जुन्या मालकाच्या वकिलाने काय सल्ला दिला यावरून. गालियानी आणि शार्ग्रोड्स्की या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच पकडलं. त्यांचा लेख २०१० साली आला.

निष्कर्ष असा, की कागद मिळालेल्यांच्या घरांचा दर्जा इतरांपेक्षा सुमारे ३७ टक्क्यांनी चांगला होता. भिंती पक्क्या, छपरं चांगली. कुटुंबं लहान होती आणि मुलं जास्त शिकत होती. पण तारणावर कर्ज मिळालेली कुटुंबं शंभरात जेमतेम चार. आणि कमाईत फरक जवळपास शून्य.

तर प्रश्न दोन. कर्जाशिवाय भिंती कशा उभ्या राहिल्या? आणि हातात कागद असताना बँक का फिरकली नाही?

मुसाफिर_मी

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचतो.

भांडवलदास

उत्तर सोपं आहे. पेरूचे एर्नांदो दे सोतो गेली कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत. गरिबांकडे संपत्ती असते, पण तिला कागद नसतो म्हणून ती मुकी पडून राहते. कागद द्या, ती बोलायला लागते. पेरूमध्ये १९९६ पासून त्यांच्याच विचारातून मोठी मोहीम निघाली आणि काही वर्षांत शहरी वस्त्यांमध्ये १२ लाखांच्या आसपास कागद वाटले गेले. लोकांनी घरं सुधारली ती बँकांच्या कर्जातूनच. अर्जेंटिनात बँकांचीच अवस्था वाईट होती, म्हणून तिथे जमलं नाही. एका वस्तीवरून सिद्धांत मोडीत काढू नका राव.

रिमझिम२

माझाही असाच प्रश्न आहे. ज्या प्लॉटवर कोर्टात दावा चालू आहे त्यावर घरबांधणीचं कर्ज कोणती बँक देईल? व्याजदर किती पडेल?

अनवट

रिमझिम२, हा धागा कर्ज कुठे मिळेल याबद्दल नाहीये हो. पण तुमच्या प्रश्नात धाग्याचा अर्धा विषय आला. दावा चालू असलेली जागा तारण घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही, आणि सोलानोतल्या कागद नसलेल्यांची तीच अडचण होती. कागद असलेल्यांनाही का मिळालं नाही, हे कोडं आहे.

हिशोबनीस

कर्जमंजुरीच्या टेबलापलीकडे बरीच वर्षं बसलो आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. जरा लांबेल.

आधी भांडवलदास यांचं. पेरूत लोकांनी घरं सुधारली हे खरं. बँकांच्या कर्जातून सुधारली हे खरं नाही. तिथल्या अभ्यासात असं दिसलं की दुरुस्त्या आणि वाढीव खोल्या यांचा बराचसा खर्च लोकांनी कर्जाशिवाय केला. कागदाचा उपयोग झाला तो बांधकाम साहित्यासाठी कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेकडे. खाजगी बँकांनी कागद आहे म्हणून जास्त अर्ज मंजूर केले असं दिसलं नाही. म्हणजे सोलानो हा अपवाद नाही.

आता बँक का येत नाही ते. कर्ज देताना आम्ही पहिल्यांदा घर बघत नाही, माणसाची मिळकत बघतो. दर महिन्याला पैसे येतात का, कुठून येतात, पुढे येत राहतील का. घर हा मागचा दरवाजा आहे, पुढून काहीच आलं नाही तर उघडायचा. रोजंदारी करणाऱ्या किंवा दाराशी छोटा धंदा असणाऱ्या माणसाकडे पगाराची पावती नसते. तिथेच अर्ज बाजूला पडतो. जमिनीचा कागद कितीही स्वच्छ असला तरी मिळकतीचा कागद तो होऊ शकत नाही.

समजा मिळकतीचंही जमलं. आता हिशोब बघा. घराची किंमत १०० धरू. मालकी तपासणं, किंमत ठरवणं, बोजा नोंदवणं यांचा खर्च ३ धरू. कर्ज १० चं असो की ५० चं, हा खर्च तेवढाच येतो. गरीब माणूस मागतो १०. म्हणजे व्याजाचा पहिला पैसा यायच्या आत कर्जाच्या ३० टक्के खर्च होऊन बसला. कोण देईल?

बरं, मोठं कर्ज देऊ, ५० चं. खर्च अंगावर येत नाही. पण तो थकला तर? कोर्टात तीन वर्षं जातात, वकील आणि जप्तीचे ८ जातात. लिलावात बोली लावणार कोण? शेजारी लावत नाहीत, ज्याला रस्त्यावर काढलंय त्याच्या घरात उद्या राहायचं कसं, हा प्रश्न असतो. बाहेरचा येतो तो घाबरत येतो. १०० चं घर ४० ला जातं. त्यातून ८ वजा केले की हातात ३२. दिले होते ५०. वर तीन वर्षांचं व्याज बुडालं ते वेगळं.

लहान कर्ज परवडत नाही आणि मोठं वसूल होत नाही. कागदाने यातली एकच गोष्ट सुटते, ती म्हणजे घर कुणाचं आहे. ते विकून पैसे मिळतील का, हे कागदावर लिहिलेलं नसतं. सोलानोत तर कागद मिळाल्यावर पहिली दहा वर्षं जागा दुसऱ्याच्या नावे करायलाच बंदी होती. हेतू चांगला होता, कुणी गरिबांना फसवून जागा लाटू नये. पण बँकेच्या नजरेने बघा.

भांडवलदास

म्हणजे कागदाला अर्थच नाही असं म्हणायचंय का तुम्हाला? मग भिंती का वाढल्या?

हिशोबनीस

असं कुठे म्हटलं? कर्जाचा आणि बांधकामाचा रस्ता वेगळा आहे, एवढंच म्हणतोय. भिंतीचं दुसऱ्या कुणी सांगावं, तो माझा प्रांत नाही.

विषयांतर_राव

मला वेगळीच शंका आहे. कागद नसलेल्यांनाही वीस-पंचवीस वर्षांत कुणी हाकललं नाही ना? वर कायदा त्यांच्या बाजूने होता. मग कागद असणारा आणि नसणारा, दोघेही सारखेच सुरक्षित. तरी एक भिंत बांधतो आणि दुसरा बांधत नाही. मला तर वाटतं घरांच्या पाहणीतच काही गोची असेल. ज्याच्या दारावर रंग दिसला त्याला ‘चांगलं घर’ म्हटलं असेल.

अनवट

पाहणी वास्तुविशारदांनी केली होती, भिंती, छप्पर, घरापुढचा पदपथ असं वेगवेगळं बघून. रंगावर भुलले असतील असं वाटत नाही. पण शंकेचा पहिला भाग मलाही खातोय.

पडीक_रान

‘अजून हाकललं नाही’ आणि ‘हाकलू शकत नाही’ यात फरक आहे, राव. पक्की भिंत ही तीस वर्षांची वस्तू. ती बांधणारा पुढच्या तीस वर्षांचा विचार करतो. मागची वीस वर्षं निभावली म्हणून तो सगळी बचत विटांत घालत नाही. कागद नसणारा पैसे साठवतो, किंवा उचलून नेता येईल अशा वस्तूत घालतो. टीव्ही घेईल, शिवणयंत्र घेईल, पत्रे घेईल. पत्रा काढून नेता येतो, भिंत नाही.

पण मला शेतीचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं, कारण त्यात बँक कुठेच नाही.

घानाच्या पूर्व भागात आक्वापिम म्हणून प्रदेश आहे. मका आणि कसावा पिकवतात. खत फारसं परवडत नाही, म्हणून जमिनीचा कस परत आणायचा तर ती काही वर्षं पडीक ठेवायची. पडीक ठेवणं हीच तिथली गुंतवणूक. आजचं पीक सोडायचं, उद्याचं जास्त मिळवायचं. आणि जमीन बहुतांश घराण्याची, वाटून दिलेली. वापरात आहे तोवर तुमची. पडीक दिसली की दुसरा कुणी घराण्यातल्या वडीलधाऱ्यांकडे जाऊन म्हणणार, ‘तिला गरज नाही वाटतं, मला द्या.’

गोल्डस्टीन आणि उड्री या दोघांनी २००८ मध्ये यावर लिहिलं. त्यांना आढळलं की गावाच्या किंवा घराण्याच्या कारभारात ज्यांना काही पद आहे ते आपली जमीन जास्त काळ पडीक ठेवतात आणि नंतर जास्त पीक काढतात. ज्यांना पद नाही, आणि त्यात बायका फार, ते जमीन पुरती विसावायच्या आत पुन्हा पेरतात. माती सारखी असली तरी. कारण पद असलेल्याची जमीन कुणी मागायला धजत नाही.

यात अडाणीपणाचा प्रश्न नाही. लवकर पेरणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं की जमीन थकली आहे. पण विसावा दिला तर जमीनच जाईल, मग थकलेली का होईना, हातात असलेली बरी. हा तिचा हिशोब बरोबरच आहे.

एक लक्षात घ्या, तिथे कागद कुणाकडेच नाही. पदवाल्याकडेही नाही. त्याचा हक्क लोकांनी मानलेला आहे, एवढंच. म्हणजे गुंतवणुकीला कागदच लागतो असंही नाही. पेरणारा आणि कापणारा एकच असेल याची खात्री लागते. कागद ही खात्री देण्याचा एक मार्ग, आणि तोही तो कागद मानणारं कोर्ट असेल तरच.

विषयांतर_राव

हे पटलं. पण सोलानोचं अजून पूर्ण पटलेलं नाही. तिथे कायदा होता, घानात नव्हता.

शमा_के

माझा अनुभव थोडा आडवा आहे, बसतो का बघा. आमच्या घराचा कागद आहे, चांगला पक्का आहे, पण तो आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन जमाना झाला. त्यांना पाच मुलं, त्यातली तीन आता हयात नाहीत, त्यांची मुलं कुठे कुठे पांगली आहेत. घरात आम्ही राहतो, कर आम्ही भरतो. वरचा मजला काढायचा विचार आला की नवरा म्हणतो, ‘कुणासाठी काढायचा? उद्या चुलतभाऊ हिस्सा मागायला आले की मजल्यासकट वाटणी.’ कर्जासाठी गेलो तर सगळ्या वारसांच्या सह्या मागितल्या. एकाचा पत्ताच नाही. म्हणजे कागद असून आम्ही त्या कागद नसलेल्या लोकांसारखेच, नाही का?

हिशोबनीस

शमाताई, अगदी बसतो. इतका बसतो की त्याच अभ्यासकांनी पुढे यावर वेगळा लेख लिहिला. सोलानोत कागद मिळालेल्या घरांचं पुढे काय झालं, हे त्यांनी बघितलं. बऱ्याच घरांमध्ये मालक वारला आणि वारसांनी नोंदच केली नाही, घटस्फोट झाला आणि नाव बदललं नाही, किंवा साध्या कागदावर लिहून घर विकलं गेलं. नोंदवहीत एक नाव, घरात दुसराच. एकदा स्वच्छ केलेली मालकी दहा-वीस वर्षांत पुन्हा गढूळ. कारण नोंद करायचा वकिली आणि सरकारी खर्च घराच्या किमतीच्या मानाने जड होता.

तुमच्या घरात दोन्ही रस्ते एकदम बंद झाले आहेत. मजला बांधत नाही कारण फायदा कुणाला जाईल ते ठाऊक नाही. कर्ज मिळत नाही कारण बँकेला कुणाच्या सहीने घर विकता येईल ते ठाऊक नाही. दोन्हीला मूळ एकच, पण उपाय मात्र वेगवेगळे. पांगलेल्या भावंडांशी लेखी, नोंदवलेली वाटणी झाली तर मजला बांधायला तेवढं पुरेल. कर्जासाठी त्या वाटणीवर कुणी नंतर बोट ठेवू शकणार नाही, इतपत ती घट्ट हवी. बेपत्ता वारसासाठी कोर्टाची वाट धरावी लागते, तिथे वकीलच बघा.

शमा_के

वकील बघायचा म्हटलं की नवरा गप्प बसतो. असो. दुसरं एक, त्या कागदांवर नाव कुणाचं घालतात? बाईचं असतं का?

पडीक_रान

हे विचारलंत ते बरं केलंत. रवांडाने २००९ नंतर थोड्याच वर्षांत जवळपास सगळ्या देशातली जमीन मोजून नोंदवली. त्याआधी काही भागांत चाचणी घेतली होती. तिच्यात असं दिसलं की कायदेशीर लग्न झालेल्या बायकांचा जमिनीवरचा हक्क पक्का झाला, पण ज्यांचं लग्न सरकारदरबारी नोंदलेलं नव्हतं त्यांचा हक्क उलट डळमळला. आधी त्या कसत होत्या आणि कुणी विचारत नव्हतं. कागदाने विचारलं, ‘तू कोण?’ त्याच चाचणीत हेही दिसलं की बाया घर चालवतात त्या कुटुंबांनी उतारावर माती धरून ठेवणारे बांध घालण्याचं काम बरंच वाढवलं, पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे आधी भीती ज्याला जास्त होती त्याने कागद मिळाल्यावर जास्त घातलं.

भांडवलदास

सगळं वाचलं. तरी माझा मुद्दा पूर्ण पडला असं मी मानत नाही. थायलंडचं काय? तिथे मालकीच्या कागदामुळे शेतकऱ्यांना कर्ज मिळालं, हा तर गाजलेला अभ्यास आहे.

हिशोबनीस

हा मात्र बिनतोड आहे. गेर्शन फेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९८८ चा. शेजारी शेजारी शेतं, एकाकडे कागद, दुसऱ्याचं शेत सरकारी वनजमिनीच्या हद्दीत म्हणून कागद मिळूच शकत नाही. कागदवाल्यांना बँकांकडून कितीतरी जास्त कर्ज मिळत होतं, आणि त्यांची औजारं, सुधारलेली जमीन, पीक, सगळंच सरस होतं.

पण दोन गोष्टी बघा. एक, तिथे वनजमिनीवरून शेतकऱ्यांना प्रत्यक्षात फारसं कुणी हटवत नव्हतं. म्हणजे भीती हा मुद्दाच लहान होता, आणि फायदा झाला तो मुख्यतः कर्जाच्या वाटेने. सोलानोच्या बरोबर उलट. दोन, एका प्रांतात शेतकऱ्यांची उधारी व्यापाऱ्यांकडे चालायची. व्यापारी पीक विकत घेणारा आणि माणूस ओळखणारा, तारण मागतच नव्हता. तिथे कागदाने कर्जात फरक पडला नाही.

शेतात पीक निघतं, ते बाजारात जातं, त्याची नोंद दिसते, आणि जप्त केलेलं शेत घ्यायला बाजूचा शेतकरी तयार असतो. म्हणून बँक आली. वस्तीतल्या घराचं तसं नाही. मला विचाराल तर कागद वाटण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. इथल्या लोकांना जागा जाण्याची भीती आहे का? आणि इथे तारण विकलं जाईल असा बाजार आहे का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर कागद वाटून छपाईचा खर्च तेवढा होईल.

विषयांतर_राव

दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तरी माणूस ती जागा विकून दुसरीकडे कामाला जाऊ शकतो की. कागद नसेल तर राखण करत बसावं लागतं. पेरूच्याच अभ्यासात होतं ना, कागद मिळाल्यावर लोक घराबाहेर जास्त तास काम करू लागले, कारण घर सांभाळायला कुणी मागे थांबायची गरज उरली नाही? तो फायदा तुमच्या दोन प्रश्नांत कुठे बसतो?

हिशोबनीस

राखणीचं पहिल्या प्रश्नात बसतं, भीतीच ती. विकून जाण्याचं खरंच बसत नाही. तिसरा प्रश्न धरा.

अनवट

सोलानोत कमाई वाढली नाही, पेरूत कामाचे तास वाढले. हा फरक कशामुळे, हे कुणाला माहीत आहे का? आणि ती दहा वर्षांची विक्रीबंदी. पडीक_रान, तुम्ही असतात तर ठेवली असती का?

पडीक_रान

ठेवली असती, पण दहा वर्षं नाही. अडीनडीला पहिल्याच वर्षी मातीमोल विकून बसणारे असतातच, तेवढ्यापुरती दोन-तीन वर्षं. हिशोबनीस नाही म्हणतील.

हिशोबनीस

नाहीच म्हणतो. विकू न शकणाऱ्याकडून आम्ही तारण घेत नाही, मग बंदी दोन वर्षांची असो की दहा. आणि बंदी असली की लोक विकायचे थांबत नाहीत, साध्या कागदावर विकतात. शमाताईंच्या घरासारखी आणखी घरं तयार होतात.

मुसाफिर_मी

आता वाचून झालं. मला एक विचारायचंय, जमीन नसलेल्यांचं काय? गाय, ट्रॅक्टर, येणी असलेल्या बिलांचं? त्यांच्या मालकीचीही कुठे नोंद होते का?

हिशोबनीस

होते, काही देशांत जंगम वस्तूंवरच्या बोजाची नोंदवही असते. त्यात मालकी सिद्ध करत नाहीत, ‘या ट्रॅक्टरवर माझा पहिला हक्क’ अशी नुसती सूचना लावून ठेवतात. दुसरा सावकार आला की त्याला ती दिसते. स्वस्त पडते, कारण जुने व्यवहार खणायचे नसतात. मात्र ट्रॅक्टर रात्रीत दुसऱ्या गावी जातो आणि गाय मरते. यावर वेगळा धागा काढा, इथे हे पुरं व्हायचं नाही.